फर्स्टसाठी शेवटच्या वर्षी किती हवेत?

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मुलीला दुसऱ्या वर्षी ६६ मिळाले, की इथले आईवडील खूश होतात. आपल्याकडे ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणायची सवय आहे. तिथे मात्र फर्स्ट ७० पासून सुरू होतो आणि ६० ते ६९ म्हणजे ‘टू-वन’. शिवाय तीन वर्षांचे गुण सरसकट मिळवून तीनने भागत नाहीत. प्रत्येक वर्षाला वेगळं वेटेज असतं आणि ते विद्यापीठागणिक बदलतं. बऱ्याच ठिकाणी पहिलं वर्ष फक्त पास व्हावं लागतं, अंतिम निकालात ते धरतच नाहीत. शेवटच्या वर्षाचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो.

समजा, एका अभ्यासक्रमात तीन वर्षांचं वेटेज अनुक्रमे १०, ३० आणि ६० टक्के आहे. मुलीला पहिल्या वर्षी ५८ आणि दुसऱ्या वर्षी ६६ मिळाले आहेत. साधी सरासरी धरली, तर ७० गाठायला शेवटच्या वर्षी ८६ लागतील असं उत्तर येतं. हे उत्तर पाहून कुणीही फर्स्टचा नाद सोडेल, पण ते चूक आहे.

बरोबर उत्तर काढायला उधारीच्या वहीसारखा हिशेब पुरतो. दर वर्षी ७० ला किती कमी पडले ते पाहायचं आणि त्या तुटीला त्या वर्षाच्या वेटेजने गुणायचं. पहिल्या वर्षी १२ कमी, वेटेज १०, म्हणजे तूट १२०. दुसऱ्या वर्षी फक्त ४ कमी, पण वेटेज ३०, म्हणून तूट पुन्हा १२०च. एकूण २४०. ही सगळी तूट शेवटच्या वर्षाने भरून काढायची आहे आणि त्याचं वेटेज ६० आहे. २४० ला ६० ने भागलं की ४ येतात. म्हणजे ७० च्या वर चार, शेवटच्या वर्षाची सरासरी ७४ हवी. ताळा करून पाहा: ५.८, १९.८ आणि ४४.४ यांची बेरीज बरोबर ७० होते.

वेटेज बदललं की उत्तरही बदलतं. पहिलं वर्ष धरत नसतील आणि उरलेल्या दोन वर्षांना ४० आणि ६० टक्के असतील, तर दुसऱ्या वर्षाची ४ ची तूट गुणिले ४०, म्हणजे १६०. त्याला ६० ने भागलं की सुमारे २.७. आता ७२.७ पुरतात. म्हणून आकडेमोडीला बसण्याआधी आपण प्रवेश घेतला त्या वर्षाची नियमावली पाहावी. मागच्या बॅचच्या मित्राचं सूत्र आपल्याला लागू असेलच असं नाही.

हीच वही शेवटच्या वर्षाच्या आतही चालते, फक्त तिथे वेटेजची जागा क्रेडिट घेतात. ब्रिटनमध्ये पूर्ण वर्ष साधारण १२० क्रेडिटचं असतं. समजा, २० क्रेडिटची चार मॉड्यूल आणि ४० क्रेडिटचा प्रबंध आहे. ७४ ची सरासरी म्हणजे ७० च्या वर चार, गुणिले १२०, अर्थात ४८० ची कमाई. पहिल्या सत्रातल्या दोन मॉड्यूलना ७१ आणि ६९ मिळाले, तर कमाई शून्य. आता उरलेल्या ८० क्रेडिटमध्ये ४८० मिळवायचे, म्हणजे सरासरी ७६ हवी. प्रबंधाला ७८ मिळाले तर एकट्या त्यातून ३२० येतात आणि बाकीच्या दोन मॉड्यूलना ७४ पुरतात. वेळ कुठे घालायचा हे इथे कळतं: प्रबंधातला एक गुण मॉड्यूलमधल्या दोन गुणांइतका आहे.

उत्तर आलं म्हणजे ते शक्य आहे असं नाही. ब्रिटिश विद्यापीठांत, विशेषतः निबंधावर गुण देणाऱ्या विषयांत, ८० च्या वरचे गुण विरळा असतात. सरासरी ८२ हवी असं उत्तर निघालं, तर कागदावर वाट आहे, प्रत्यक्षात जवळपास नाही. उलट थोडी सूटही असू शकते. अनेक विद्यापीठं ६९.५ ला ७० धरतात. आपल्या उदाहरणात तसं असेल तर ७४ ऐवजी सुमारे ७३.२ पुरतात. काही ठिकाणी सरासरी ६८ किंवा ६९ च्या घरात असली आणि निम्म्याहून अधिक क्रेडिटना ७० च्या वर गुण असले, तरी फर्स्ट देतात. हे नियम लेखी असतात. ते सापडले नाहीत, तर सूट नाही असंच धरून चालावं.

आणि ७० च्या जागी ६० ठेवून हाच हिशेब एकदा करावा. पहिल्या वर्षाची तूट २०, दुसऱ्या वर्षाची शिल्लक १८०, म्हणजे १६० हाताशी. त्याला ६० ने भागलं की २.७. शेवटच्या वर्षी सुमारे ५७.४ मिळाले तरी टू-वन हातची जात नाही. ७४ चा पाठलाग करताना किती धोका पत्करता येईल, ते या दुसऱ्या आकड्यावरून ठरवता येतं.