खिंड वाडीतून दिसेल का?

चौकटीत एक नकाशा आहे. त्यावर तपकिरी रेषांचं जाळं आहे आणि खाली बारीक अक्षरांत दोन नोंदी आहेत: प्रमाण १:५०,००० आणि समोच्च रेषांतर २० मीटर. आग्नेय कोपऱ्यात ६४० मीटरच्या रेषेवर एक वाडी आहे, वायव्येला ९०० मीटरच्या रेषेवर डोंगररांगेतली एक खिंड. दोन्हींना जोडणारी सरळ रेघ पट्टीनं मोजली तर ५.२ सेंटिमीटर भरते. खिंडीखालून एक ओढा निघून वाडीजवळून जातो. आता सांगा: वाडी ते खिंड अंतर किती? खिंड कोणत्या दिशेला? सरासरी उतार किती? ओढा कुठून कुठे वाहतो? आणि वाडीतून खिंड दिसेल का?

आपल्याकडे सातवीच्या भूगोलात समोच्च रेषा येतात, आठवीत नकाशाप्रमाण. दोन्ही धडे वेगवेगळे पाठ होतात आणि असा प्रश्न आला की दोन्हींची गाठ एकदम पडते. वरचा नकाशा मी प्रश्नासाठी रचलेला आहे, पण त्याचं प्रमाण आणि रेषांतर खरं आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या स्थलनिर्देशक नकाशांवर साधारण हेच आकडे आढळतात.

अंतराचं उत्तर सरळ आहे. १:५०,००० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ५०,००० सेंटिमीटर, म्हणजे ५०० मीटर. तेव्हा ५.२ सेंटिमीटर म्हणजे २,६०० मीटर. खरी गोम आहे ती कागदात. प्रश्नपत्रिकेत नकाशा बसेना म्हणून कुणीतरी तो सत्तर टक्क्यांवर झेरॉक्स करतो. ५.२ सेंटिमीटरची रेघ ३.६४ सेंटिमीटर होते, पण खाली छापलेलं '१:५०,०००' तसंच राहतं. विद्यार्थी प्रामाणिकपणे मोजतो आणि २,६०० ऐवजी १,८२० मीटर लिहितो. गंमत अशी की ६४० आणि ९०० हे उंचीचे आकडेही झेरॉक्समध्ये लहान होत नाहीत, फक्त त्यांची अक्षरं बारीक होतात. त्यामुळे अंतर घटतं, चढ तेवढाच राहतो आणि बसल्या जागी डोंगर जास्त उभा होतो. मोबाइलवर बोटांनी मोठा केलेला नकाशाही असाच फसवतो, फक्त उलट बाजूनं. यातून सुटका रेषाप्रमाणानं होते. नकाशाखालची ती किलोमीटरच्या खुणा असलेली पट्टी नकाशाबरोबरच लहान-मोठी होते. कागदाच्या कडेवर वाडी आणि खिंडीच्या खुणा करून ती कडा या पट्टीला लावली, की झेरॉक्स कितीही टक्क्यांचा असो, अंतर बरोबर येतं. प्रश्न काढणाऱ्यानं अंकप्रमाण एक वेळ गाळलं तरी चालेल, पण रेषाप्रमाण गाळू नये.

दिशेच्या प्रश्नात चूक होते ती वाचण्यात. खिंड वाडीच्या वायव्येला आहे, वाडी खिंडीच्या आग्नेयेला. 'वाडीपासून' म्हटलं असेल तर उत्तरेची रेघ वाडीवर उभी करायची आणि तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं कोन मोजायचा. वायव्य म्हणजे ३१५ अंश. खिंडीपासून वाडीकडे पाहिलं तर तोच कोन १३५ अंश होतो. होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत फरक असतो, हे पुस्तकात वाचून मुलं घाबरतात, पण महाराष्ट्रात तो फरक इतका थोडा आहे की शाळेच्या कोनमापकावर तो दिसायचाही नाही.

ओढ्याच्या बाबतीत मात्र एक जुना गैरसमज आडवा येतो. नकाशात उत्तर वर असते, म्हणून पाणी कागदाच्या वरून खालीच वाहणार असं अनेकांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. चंबळ उत्तरेकडे वाहते, म्हणजे भिंतीवरच्या नकाशात ती सरळ वर चढताना दिसते. ओढ्याची दिशा ठरवायची ती रेषांवरून. समोच्च रेषा ओढा ओलांडताना वाकते आणि तिचा इंग्रजी 'व्ही'सारखा आकार होतो. या आकाराचं टोक नेहमी चढाकडे असतं, पाणी येतं त्या बाजूला. आपल्या नकाशात टोकं वायव्येला, खिंडीकडे आहेत, म्हणून ओढा आग्नेयेला वाहतो. टोक पाहून बाण समजणारी मुलं नेमकं उलट उत्तर लिहितात.

टोकाचा हाच आकार डोंगराच्या सोंडेवरही दिसतो, फक्त तिथे ते उताराकडे, कमी आकड्यांकडे असतं. निळी रेघ नसेल तर घळ आणि सोंड ओळखण्याची एकच सोय उरते, ती म्हणजे आकडे वाचणं. सगळ्या रेषांवर आकडे नसतात. २० मीटरच्या नकाशात दर पाचवी रेषा जाड असते आणि बहुधा तिच्यावरच आकडा असतो: ७००, ८००, ९००. आधी दोन जाड रेषा शोधून चढ कुठल्या बाजूला आहे ते ठरवावं, मगच आकाराचं नाव घ्यावं.

आता उतार. रेषांतर २० मीटर याचा अर्थ दोन शेजारच्या रेषांच्या उंचीतला फरक २० मीटर. हे माप उभं आहे. कागदावर त्या रेषांमध्ये दोन मिलिमीटर जागा असो वा दोन सेंटिमीटर, ते बदलत नाही. वाडीपासून खिंडीपर्यंत, दोन्ही टोकांच्या रेषा धरून, चौदा रेषा आहेत. चौदा गुणिले वीस म्हणजे २८० मीटर असं उत्तर लिहिलेलं असलं की गुरुजींना कळतं, पोरानं रेषा मोजल्या, मधल्या जागा मोजल्या नाहीत. कुंपणाला चौदा खांब असले तरी गाळे तेराच असतात. तेरा गुणिले वीस म्हणजे २६०, आणि ९०० वजा ६४० केले तरी तेच येतं. पडताळा घेण्याची ही सोपी वाट आहे.

२,६०० मीटर अंतरात २६० मीटर चढ, म्हणजे सरासरी उतार १:१०. कोनात सांगायचं तर सहा अंशांहून थोडा कमी. इथे एक हुशार शंका हमखास येते: नकाशातलं अंतर आडवं आहे, चढावरून चालताना ते जास्तच भरणार, मग हिशेब चुकत नाही का? पायथागोरस लावून पाहा. उतारावरची लांबी २,६१३ मीटर येते, म्हणजे फरक फक्त १३ मीटरचा. प्रत्यक्षात दमछाक वाढते ती पाऊलवाट वळणं घेते म्हणून. तिची लांबी हवी असेल तर दोरा वाटेवर ठेवून मोजावा लागेल.

पण सरासरी उतार बरंच काही झाकून ठेवतो. वाडीकडून निघाल्यावर पहिल्या ३.६ सेंटिमीटरमध्ये ६४० पासून ७४० पर्यंतच्या रेषा आहेत, लांब लांब. म्हणजे १,८०० मीटरमध्ये १०० मीटर चढ, १:१८. बैलगाडी जाईल असा. उरलेल्या १.६ सेंटिमीटरमध्ये ७४० पासून ९०० पर्यंतच्या रेषा दाटीनं बसल्या आहेत. ८०० मीटरमध्ये १६० मीटर, १:५. इथे छाती भरून येते. पायथ्याला मंद आणि वर तीव्र अशा या उताराला अंतर्वक्र उतार म्हणतात, आणि शेवटच्या प्रश्नाची किल्ली यातच आहे.

वाडीतल्या माणसाच्या डोळ्यापासून खिंडीपर्यंत एक सरळ दोरी ताणली अशी कल्पना करा. (माणसाची उंची सोडून देऊ, २६० मीटरपुढे ती किती!) दोरी दर दहा मीटरला एक मीटर चढते. १,८०० मीटरवर ती ६४० अधिक १८०, म्हणजे ८२० मीटर उंचीवर असेल. तिथली जमीन आहे ७४० मीटरवर, दोरीच्या ८० मीटर खाली. मध्ये कुठेही जमीन दोरीला शिवत नाही, म्हणून खिंड दिसते.

आता फक्त रेषांची जागा उलटी करा. वाडीजवळ दाट रेषा, खिंडीजवळ विरळ. पहिल्या ८०० मीटरमध्येच जमीन १६० मीटर चढून ८०० मीटरवर पोचते, तर दोरी तिथे जेमतेम ७२० मीटरवर असते. जमीन मध्ये आली, खिंड झाकली गेली. हा बहिर्वक्र उतार. दोन्ही टोकांच्या उंची त्याच, अंतर तेच, सरासरी उतारही तोच १:१०, आणि उत्तर मात्र उलटं. म्हणूनच असा प्रश्न मला फार आवडतो. यात सूत्र पाठ करून भागत नाही, रेषांमधली जागा डोळ्यांनी वाचावी लागते.

ज्यांना आकडेमोड नको त्यांनी उभा छेद काढावा. कागदाची पट्टी वाडी-खिंड रेघेवर ठेवायची, प्रत्येक रेषा जिथे कडेला भेटते तिथे खूण करून उंची लिहायची, मग आलेखावर त्या त्या उंचीचे बिंदू देऊन हलक्या हातानं जोडायचे. आडवं प्रमाण १ सेंटिमीटरला ५०० मीटर ठेवून उभंही तेवढंच ठेवलं तर सगळा चढ अवघा ५.२ मिलिमीटर उंच येईल, काही कळणार नाही. म्हणून उभं प्रमाण १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतात. यात उंची पाचपट ताणली जाते आणि १:१० चा साधा चढ कागदावर १:२ चा दिसतो. दिसतं की नाही हे या छेदावर पट्टी ठेवून बेधडक ठरवावं, कारण ताणल्यानं सरळ रेघ सरळच राहते. कोनमापक लावून उताराचा कोन मात्र त्यावरून मोजू नये.

रेषांना मर्यादाही आहेत. ९०० हे शेवटचं कडं असलेल्या टेकडीची उंची विचारली, तर '९०० हून जास्त, ९२० हून कमी' एवढंच म्हणता येतं. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. २० मीटर रेषांतराच्या नकाशात तिथली शेवटची रेषा १,६४० ची असणार, वरचे सहा मीटर कळतात ते शिखराच्या खुणेशेजारी छापलेल्या आकड्यावरून. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आतल्या अंगाला वळलेला. अशा ठिकाणी तत्त्वतः समोच्च रेषा एकमेकींना ओलांडायला हव्यात. पण या प्रमाणावर जमिनीवरचे ५० मीटर म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर, तेव्हा रेषा एकमेकींत मिसळून जातात.

आपल्या वाडीच्या वाटेवरही ७४० आणि ७६० च्या मध्ये पंधरा मीटरचा एखादा उंचवटा असू शकतो, नकाशाला त्याचा पत्ता नसेल. झाडांची उंची तर रेषा मोजतच नाहीत. इथे दोरी आणि जमीन यांत ८० मीटरचं अंतर आहे, म्हणून 'दिसेल' हे उत्तर बिनधास्त लिहावं. तेच अंतर आठ-दहा मीटरचं असतं तर 'या नकाशावरून खात्रीनं सांगता येत नाही' असं कारणासकट लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.