स्कॅन मोजले, गिऱ्हाइकं किती?

समजा, फर्निचरच्या एका दुकानाच्या दोन शाखा आहेत, साताऱ्यात आणि कराडला. दिवाळीआधी मालकाने फक्त साताऱ्यात जाहिरात करायचं ठरवलं: एसटी स्टँडजवळ एक होर्डिंग, हायवेवर एक आणि वर्तमानपत्राच्या सातारा आवृत्तीत पाव पान. यातल्या कशामुळे किती गिऱ्हाईक आलं, हे त्याला कळायला हवं.

पहिला नियम साधा आहे. तिन्ही ठिकाणी एकच क्यूआर कोड छापायचा नाही. दुकानाची वेबसाइट `dukan.example` धरली, तर स्टँडच्या कोडमध्ये `dukan.example/stand`, वर्तमानपत्राच्या कोडमध्ये `dukan.example/paper` असा वेगळा पत्ता घालायचा. पत्ता जितका आखूड, तितके कोडमधले चौकोन कमी आणि मोठे, त्यामुळे तो लांबूनही वाचता येतो. हा पत्ता स्वतःच्याच वेबसाइटचा असावा आणि तिथून माणूस ऑफरच्या पानावर वळवला जावा. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही सेवांचे कोड मुदत संपली की बंद पडतात, आणि छापलेलं होर्डिंग काही बदलता येत नाही.

कोडच्या आकाराचा ठोकताळा असा, की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या दहावा भाग कोडची बाजू हवी. वर्तमानपत्र हातात असतं, तिथे तीन-चार सेंटिमीटर पुरतात. स्टँडवर गाडीची वाट पाहणारा माणूस दहा मीटरवर असेल, तर कोड एक मीटरचा हवा. हायवेचं गणित मात्र जुळत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. फोन काढेपर्यंत फलक मागे पडलेला असतो आणि चालवणाऱ्याने तो काढूही नये. तिथे कोडऐवजी `dukan.example/ghar` असा लक्षात राहणारा पत्ता ठळक अक्षरांत द्यावा. कोडखाली ‘फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा’ एवढं लिहावं, कारण आपल्याकडे चौकोनी कोड दिसला की बोट पैसे पाठवायच्या अ‍ॅपकडे जातं, आणि अशी अनेक अ‍ॅप्स हा कोड नाकारतात.

स्कॅन म्हणजे विक्री नव्हे. म्हणून प्रत्येक पानावर वेगळं कूपन ठेवायचं आणि बिल करताना ते लिहून घ्यायचं. आपल्या उदाहरणात चार आठवड्यांत साताऱ्यात कूपनवाल्या 9 ऑर्डरी आल्या: पेपरच्या 5, स्टँडच्या 4 आणि हायवेची एकही नाही. भेटींचा आकडा याहून बराच मोठा असतो, पण तो फुगतोही. कुणी तो पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवला, तर लिंकचं चित्र दाखवण्यासाठी यंत्रच पान उघडतं आणि तीही भेट धरली जाऊ शकते.

मग जाहिरातीने फक्त 9 ऑर्डरी दिल्या? नाही. पत्ता पाहिलेले बरेच जण `/ghar` विसरतात, दुकानाचं नाव गुगलवर शोधतात किंवा सरळ दुकानात येतात. कोडचा आकडा म्हणजे किमान आकडा. बाकीचा अंदाज काढायला कराडची शाखा उपयोगी पडते, कारण तिथे जाहिरात नव्हती. वेबसाइटच्या आकडेवारीतल्या शहरावर मात्र भिस्त ठेवू नका, कारण मोबाइल इंटरनेटवर साताऱ्याचा माणूस पुण्यात किंवा मुंबईत दिसू शकतो. फर्निचर घरपोच जातं, त्यामुळे गाव डिलिव्हरीच्या चलनावरच मिळतं.

जाहिरातीआधीच्या चार आठवड्यांत साताऱ्यात 80 आणि कराडला 50 ऑर्डरी होत्या. जाहिरातीच्या चार आठवड्यांत साताऱ्यात 132, कराडला 65. कराडची 30 टक्के वाढ दिवाळीची. तेवढीच साताऱ्यात झाली असती, तर ऑर्डरी 104 झाल्या असत्या. उरल्या 28. म्हणजे कूपनने दाखवलेल्या 9 च्या तिप्पट.

हा 28 मात्र दगडावरची रेघ नाही. ऑर्डरी इतक्या थोड्या असल्या की नुसत्या योगायोगाने आकडा खूप हलतो. खरा आकडा 5 असू शकतो, 50 सुद्धा. कराडला त्याच महिन्यात नवा स्पर्धक उघडला, तर तुलनाच बिघडते. मागच्या दिवाळीची चलनं काढून दोन्ही गावांची वाढ तेव्हा सारखी होती का, हे पाहिलं तर भरवसा थोडा वाढतो. काउंटरवर ‘जाहिरात कुठे पाहिली?’ असं विचारणंही बरं, पण उत्तर कच्चं धरावं. लोक पाहिलेलं विसरतात, न पाहिलेलंही सांगतात.

एजन्सीने स्कॅनचा तक्ता पुढे केला, तर त्यावरून स्टँड आणि पेपर यांची आपसात तुलना करा. हायवेच्या फलकाला त्यात बसवू नका. शून्य कूपन आली म्हणून तो काढायचा असेल, तर आधी एका हंगामात बाकी सगळं तसंच ठेवून फक्त तोच उतरवा आणि साताऱ्याची चलनं मोजा.