ताईचे चाळीस, धाकटीचा एक

‘जेवलीस का?’ असं विचारणाऱ्याला ताटात काय होतं याची यादी नको असते. पोलंडमध्ये जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी 1923 साली हे शास्त्राच्या भाषेत मांडलं. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून आल्यावर त्यांनी लिहिलं की, माणसं बरंचसं बोलणं माहिती द्यायला नाही, तर नातं ऊबदार ठेवायला बोलतात. हवापाणी, ख्यालीखुशाली, ‘काय, कुठे निघालात?’ हे सगळं त्यातच मोडतं. आज हे काम व्हॉट्सअ‍ॅप करतं. फरक एवढाच की ओट्यावर बसून मारलेल्या गप्पा हवेत विरतात, मेसेज मात्र समोरच्याच्या पडद्यावर उत्तराची वाट पाहत बसतात.

काही माणसांना दिवसभर असं बोलत राहायला आवडतं. काहींना आठ दिवसांनी एकदा निवांत बसून चार परिच्छेद लिहायला आवडतं. दोघांची गाठ पडली की कुरबुर सुरू होते.

पुष्कळ घरांत दिसणारं एक चित्र घेऊ. थोरली बहीण सांगलीत, आईसोबत. धाकटी म्युनिकमध्ये नोकरीला. ताईचा पहिला मेसेज सकाळी साडेसहाला निघतो, उन्हाळा असेल तर धाकटीकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. ‘उठलीस का’, मग मंडईतल्या मेथीचा फोटो, शेजारच्यांचं मांजर पुन्हा ओट्यावर चढल्याची बातमी, एक विनोद, ‘आईचा बीपी आज परत जास्त आला’, मग भाचीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ. धाकटी ऑफिसमधून दमून येते, अंगठ्याने सगळं भराभर वर सरकवते आणि शेवटच्या व्हिडिओला बदाम टाकते. बीपीचा मेसेज मधल्यामध्ये निसटतो. ताईला वाटतं, हिला आईचं काही पडलेलं नाही.

रविवारी धाकटी सविस्तर लिहिते. बर्फ, नवी मैत्रीण, ऑफिसातलं राजकारण, आणि चौथ्या परिच्छेदात ‘मे महिन्यात सुट्टी मिळेलसं वाटत नाही’. ताई गॅसवर भाजी ठेवून तो मेसेज उघडते, बर्फापर्यंत वाचते आणि लिहिते, ‘अगंबाई, फोटो पाठव ना!’ सुट्टीचा विषय तिच्या डोळ्यांखालून गेलेलाच नसतो. आता नाराज व्हायची पाळी धाकटीची.

इथे बहुतेक लोक मेसेज मोजायला लागतात. तू इतके का पाठवतेस, तू इतके कमी का? पण खरं नुकसान आकड्यात नाही. दोन्ही पद्धतींत महत्त्वाची गोष्ट लपते: एकीची तीस तुकड्यांच्या गर्दीत, दुसरीची लांबलचक मजकुराच्या पोटात. ताईच्या चाळीस मेसेजांपैकी अडतीसांना उत्तर नकोच असतं. पण कोणत्या दोनांना हवंय, हे धाकटीने ओळखायचं कसं?

म्हणून पहिली दुरुस्ती स्वभावाला हात न लावता होते. आजारपण, पैसा, प्रवासाच्या तारखा यांसाठी वेगळी वाट ठरवायची: एकतर फोन, नाहीतर ‘महत्त्वाचं’ या शब्दाने सुरू होणारा स्वतंत्र मेसेज, ज्यात दुसरं काही नाही. लांब लिहिणाऱ्याने उत्तर हवं असलेली गोष्ट सगळ्यात वर घ्यायची, ‘मे महिन्याचं सांगायचंय’ असं म्हणून. बर्फ खाली गेला तरी वितळत नाही. वाचणाऱ्याने तो मेसेज उजवीकडे सरकवला, तर तोच मेसेज वर चिकटून उत्तर जातं आणि आपण कशाला ‘हो’ म्हणतोय याचा घोळ उरत नाही.

दुसरी गोष्ट शांततेची, आणि जास्त बिघाड इथेच होतो. उत्तर आलं नाही की बोलक्या माणसाचे मेसेज वाढतात. ते वाढले की अबोल माणूस आणखी मागे सरतो, आणि तो सरला की पुन्हा मेसेज वाढतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनी 1990च्या सुमारास नवरा-बायकोच्या भांडणांत हेच चक्र अभ्यासलं: एक जण मागे लागतो, दुसरा अंग काढून घेतो. सुरुवात समोरच्याने केली, असं दोघांनाही प्रामाणिकपणे वाटत असतं.

त्यात 2014च्या नोव्हेंबरात निळ्या टिका आल्या. वाचलंय आणि उत्तर नाही, हे उघड दिसायला लागलं. त्या बंद करता येतात, पण मग आपल्यालाही दुसऱ्याच्या दिसत नाहीत. शिवाय ग्रुपमध्ये त्या सुरूच राहतात. काही जण मेसेज उघडून पुन्हा ‘अनरीड’ करून ठेवतात. ती खूण फक्त आपल्या आठवणीसाठी असते. पाठवणाऱ्याकडे गेलेल्या निळ्या टिका तशाच राहतात, त्यामुळे लपवल्याचं समाधान फुकटचं.

यापेक्षा पोच आणि उत्तर वेगळं करणं सोपं. ‘वाचलं गं ताई, रविवारी निवांत लिहिते’ एवढं टाकायला दहा सेकंद लागतात आणि पुढचे वीस मेसेज वाचतात. सोबत जास्तीत जास्त किती दिवस गप्प राहायचं, हेही बोलून ठरवावं. दोन दिवस म्हणा, चार म्हणा. आकडा दोघींना झेपणारा असला की झालं. हे ठरवण्याचं बोलणं मात्र चॅटवर नको, फोनवर करावं, आणि भांडणाच्या ऐन भरात तर नकोच.

धाकटीला दिवसभरच्या टिंगटिंगचा त्रास होत असेल तर ताईचं चॅट म्यूट करण्यात कसला अपमान? म्यूट केलं तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोन वाजतोच, त्यामुळे आईचं काही झालं तर निरोप अडत नाही. पण हे तिला सांगून करावं. गुपचूप केलेलं म्यूट कधीतरी कळतं आणि मग खुलासे देत बसावं लागतं.

व्हॉइस मेसेज हा चांगला मधला मार्ग आहे. पाच मिनिटांत आठवड्याच्या गप्पा होतात, आवाजातला सूर पोहोचतो, आणि 2021पासून तो दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकताही येतो. ताई पोळ्या लाटता लाटता ऐकू शकते, धाकटी ट्राममध्ये. औषधाचं नाव, रिपोर्टचा आकडा किंवा विमानाची वेळ मात्र लिहूनच पाठवावी. आठ दिवसांनी ती रेकॉर्डिंगमधून शोधायची म्हणजे सगळं पुन्हा ऐकणं आलं.

काही वेळा दुखणं वेगळंच असतं. जो माणूस सगळ्यांनाच आठवड्यातून एकदा लिहितो, त्याचा तो स्वभाव समजावा. एरवी भरभरून लिहिणारा फक्त मतभेदानंतर चार दिवस गप्प होत असेल, तर तो अबोला आहे. त्याला मेसेजचं वेळापत्रक पुरत नाही, मतभेदावरच बोलावं लागतं. दुसऱ्या टोकाला, ‘ऑनलाइन दिसत होतास, कुणाशी बोलत होतास?’ असा जाब, लोकेशनची मागणी, स्क्रीनशॉटचा आग्रह सुरू झाला, तर ते गप्पांचं वेड नव्हे. ती पाळत आहे, आणि तिथे ‘दिवसाला इतके मेसेज’ अशी तडजोड करणं म्हणजे पाळतीला हातभार लावणं.

ठरलेलं अधूनमधून तपासावंही लागतं. परीक्षा, बाळंतपण, नवी नोकरी यांत जुना आकडा टिकत नाही, तेव्हा ‘हे तीन आठवडे माझ्याकडून फारसं काही येणार नाही’ हे आधीच कळवलेलं बरं. म्युनिक-सांगलीच्या बाबतीत तर घड्याळच लुडबुड करतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेतीन तासांचं अंतर साडेचारांचं होतं. सांगलीच्या रात्री नऊला ठरलेला रविवारचा फोन धाकटीकडे साडेपाचाऐवजी साडेचारला वाजतो, तेव्हा त्या आठवड्यात वेळ कुणी बदलायची ते आधीच बोलून ठेवावं.