गच्ची का राहिली?

महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. म्हणजे पाऊस सरत असताना, वरच्या मजल्यावरचे छत अजून ओले असताना. तिथे ‘काम प्रगतिपथावर आहे’ हे वाक्य टिकत नाही.

समजा, पाण्याची टाकी दुरुस्त झाली, गच्चीचे वॉटरप्रूफिंग राहिले. प्रामाणिक अध्यक्ष तारखांनिशी सांगतो: जानेवारीत मागवलेल्या निविदा दोनच आल्या, पुन्हा मागवण्यात एप्रिल गेला. सिंकिंग फंडाला हात लावायला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ती मागायला समितीनेच उशीर केला. मग पाऊस आला, आणि ओल्या कोब्यावर थर नीट धरत नाही.

कारणांत पाऊस शेवटचा. भाषणांत मात्र तो बहुधा पहिला असतो!

आता काम दिवाळीनंतर. शेवटचे बिल गच्चीत पाणी साठवून गळती तपासल्यावरच.