सरळ वाहणाऱ्या नदीतला कर्ल

व्हेक्टर कॅल्क्युलसच्या वर्गात कर्लची स्लाइड आली, की पडद्यावर गोल गोल फिरणारे बाण दिसतात. पाणी गोल फिरले तरच कर्ल, असा समज तिथेच पक्का होतो. प्रत्यक्षात सरळ वाहणाऱ्या नदीतही कर्ल असतो. उलट, एखाद्या भोवऱ्यात तो मध्यबिंदू सोडून कुठेच नसतो.

हे उलगडायला सुरुवात डोंगरापासून करावी. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २० मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या दोन समोच्च रेषा २ मिलिमीटर अंतरावर आहेत असे समजू. जमिनीवर हे अंतर १०० मीटर भरते. १०० मीटरमागे २० मीटर चढ, म्हणून ग्रेडियंट ०.२. त्याचा बाण समोच्च रेषेला काटकोनात, चढाच्या दिशेने काढायचा. आकाशाकडे नव्हे, नकाशाच्या कागदावरच. या बाणाशी ६० अंशांचा कोन करून चालले तर चढ निम्माच लागतो. घाटरस्ता नागमोडी जातो तो यासाठीच.

आता नदीत उतरू. एखाद्या जागेतून निव्वळ किती पाणी बाहेर पडते, हे डायव्हर्जन्स सांगतो. खोली तीच राहून पात्र २० मीटरवरून १० मीटर झाले, तर पाण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणून तिथे पाणी वाढले असे नाही; दोन्ही काठांकडून प्रवाह आत सरकतो आणि हिशेब शून्यावर येतो.

कर्ल मोजायला प्रवाहात एक छोटे पात्यांचे चाक सोडावे. काठापासून १ मीटरवर वेग सेकंदाला ०.२ मीटर, ५ मीटरवर १ मीटर, आणि मध्ये तो समान दराने वाढतो, असे धरू. पाणी सरळच चालले आहे. पण चाकाच्या एका बाजूला जोर अधिक, म्हणून चाक फिरते. इथे कर्लचे मान ०.२, आणि चाक त्याच्या निम्म्या गतीने, साधारण ६३ सेकंदांत एक फेरा घेते. याउलट, ज्या भोवऱ्यात वेग केंद्रापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो, तिथे वळणदार वाट चाकाला एकीकडे फिरवू पाहते आणि आतले वेगवान पाणी दुसरीकडे. दोन्ही परिणाम तंतोतंत कटतात. चाक केंद्राभोवती प्रदक्षिणा घालते, स्वतःभोवती मात्र फिरत नाही.

नदीवरच एक आयत आखून पडताळा घेता येतो: लांबी १० मीटर, रुंदी काठापासून १ ते ५ मीटर. वेगवान कडेने प्रवाहाबरोबर गेल्यास वेग गुणिले अंतर १० येते, संथ कडेने परतताना उणे २, आणि आडव्या बाजूंवर शून्य. बेरीज ८. आयताचे क्षेत्रफळ ४० गुणिले कर्ल ०.२, हेही ८च. डोंगरावर असा फेरा मारून मूळ जागी आले, की चढ आणि उताराची बेरीज नेहमी शून्य होते. म्हणून ग्रेडियंटला कर्ल नसतो. या नदीचे बाण ज्याचा ग्रेडियंट ठरतील, असा डोंगर रचताच येत नाही.