ऑनलाइन सायकल मागवताय? ‘२६’ हा आकडा फ्रेमचा नाही

ऑनलाइन सायकल घेताना फसगत होते ती बहुतेक मापात. जाहिरातीत ठळक लिहिलेलं ‘२४टी’ किंवा ‘२६टी’ हे चाकाचं माप असतं. फ्रेमचं माप खाली बारीक अक्षरात, वेगळं दिलेलं असतं. आपण मात्र मूल वाढतंय म्हणून मोठीच घेतो, ईदच्या कपड्यांसारखी. कपडा आत दुमडता येतो, फ्रेमचं तसं नाही.

आधी पायाचं माप घ्या. मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक वर सरकवून घट्ट धरायला सांगा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा आठवीतल्या मुलाचं माप ६६ सेंटीमीटर आलं. मागवायची सायकल २६टी आहे आणि तिचा मधला दांडा जमिनीपासून ७६ सेंटीमीटरवर आहे. अचानक ब्रेक लावून खाली उतरायची वेळ आली तर पाय टेकायच्या आधी मुलगा दांड्यावर आपटेल. दांडा ६० च्या आसपास असलेली सायकल त्याला ठीक, पाच-सहा सेंटीमीटर जागा सुटते. पुढे उंची वाढली की सीट वर घेता येते. दांडा खाली येत नाही. जाहिरातीत ही उंची दिली नसेल तर विक्रेत्याला विचारा. मुलगी सलवार घालून चालवणार असेल तर चेनकव्हर आहे का तेही बघा, गिअरच्या सायकलींना ते बहुधा नसतं.

खोक्यात सायकल अर्धवट जोडलेली येते. पुढचं चाक, हँडल, सीट आणि पायडल आपण बसवायचे असतात. सगळ्यात जास्त नुकसान पायडल बसवताना होतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायडलवर L आणि R लिहिलेलं असतं, L म्हणजे डावं. दोन्ही पायडल सायकलच्या पुढच्या दिशेने फिरवल्यावर घट्ट होतात. सुरुवात हातानेच करा. हाताने दोन-तीन वेढे गेले नाहीत तर पाना लावू नका, जबरदस्ती केली की क्रँकचे आटे कायमचे जातात. ‘इन्स्टॉलेशन फ्री’ लिहिलं असेल तर माणूस घरी येणार की फक्त व्हिडिओ कॉलवर सांगणार, हे पैसे भरण्याआधी विचारा. नाहीतर मोहल्ल्यातल्या सायकल मिस्त्रीकडून जोडून घ्या, ब्रेक आणि गिअर तोच नीट लावेल.

पण मिस्त्रीकडे नेण्याआधी खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पत्त्याची चिठ्ठी दिसू द्या. चाक उचलून फिरवा. डिस्क ब्रेकची चकती प्रत्येक फेरीत एकाच जागी घासत असेल तर ती बहुधा वाटेत वाकली आहे. मागे गिअर धरणारा पत्रा आत वळलाय का बघा, तसा असेल तर चेन चाकाच्या तारांत अडकू शकते. असं काही दिसलं तर जोडणी थांबवा, कारण नंतर ‘तुम्हीच बिघडवलं’ असं ऐकावं लागतं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दिलाच, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.