काउंटर नेहमी एक घर पुढे

इंटेलचा ८०८५ हा प्रोसेसर १९७६ साली बाजारात आला. आपल्याकडच्या डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या कित्येक विद्यार्थ्यांनी प्रोसेसरची पहिली ओळख त्याच्या किटवरच करून घेतली. प्रोसेसर आज्ञा कशी उचलतो, ओळखतो आणि पाळतो हे समजून घ्यायला आजही तो उत्तम, कारण त्याची एकेक हालचाल स्वतंत्र पाहता येते.

पाच आणि तीन यांची बेरीज करू. मेमरीत 2000H या पत्त्यापासून पुढचे पाच बाइट भरायचे. शेवटचा H म्हणजे आकडा सोळाच्या पद्धतीतला आहे.

```
2000  3E 05   MVI A,05H
2002  C6 03   ADI 03H
2004  76      HLT
```

सुरुवातीला प्रोग्राम काउंटरमध्ये 2000 असतो. हा पत्ता मेमरीकडे जातो, तिथला 3E येतो आणि इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये बसतो. तो बाइट येईपर्यंत काउंटर 2001 झालेला असतो. म्हणजे आज्ञा अजून ओळखलीही गेली नाही, तोवर काउंटर पुढच्या घरावर! नवख्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो. काउंटर चालू आज्ञेचा पत्ता सांगत नाही, यानंतर काय वाचायचे ते सांगतो.

आता उकल. 3E म्हणजे ‘पुढचा बाइट A रजिस्टरमध्ये ठेव’. प्रोसेसर पुन्हा मेमरीकडे जातो आणि 2001 वरचा 05 आणतो. पण हा 05 इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये जात नाही. तिथे 3E तसाच राहतो आणि 05 थेट A मध्ये पोचतो. काउंटर आता 2002. तिथला C6 उचलला जातो, मग 03 येतो, बेरीज होते आणि A मध्ये 08 दिसतो. शेवटी 76 आला की प्रोसेसर थांबतो. काउंटर तेव्हाही एक घर पुढे, 2005 वर असतो.

पहिल्या दोन आज्ञांना घड्याळाचे प्रत्येकी सात ठोके लागतात: चार आज्ञा उचलून ओळखायला, तीन पुढचा बाइट आणायला. ३ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर हे चौदा ठोके पाच मायक्रोसेकंदांच्या आतच संपतात.

या सगळ्यात आज्ञा कोणती आणि आकडा कोणता, हे मेमरीत कुठेही लिहिलेले नसते. चुकून 2001 पासून सुरुवात केली, तर तोच 05 इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये जातो आणि त्याचा अर्थ होतो DCR B, म्हणजे B मधून एक वजा कर. पुढचे C6 03 ठरल्याप्रमाणेच चालते, त्यामुळे A मध्ये आधी जे काही पडलेले असेल त्यात तीन मिळवले जातात. प्रोसेसर कसलीही तक्रार न करता थांबतो.

म्हणून किटवर उत्तर चुकले, की बेरीज तपासण्याआधी सुरुवातीचा पत्ता तपासा. मग सिंगल स्टेपने एकेक आज्ञा चालवा आणि दर वेळी काउंटर वाचा. तो 2002, 2004 असा न जाता 2003 दाखवू लागला, तर आज्ञेच्या मधोमध शिरलात असे समजा.